खिडकीतून टाकलेला रुमाल

(खिशातून रुमाल काढून उंच धरायचा.)

नमस्कार. हा कशासाठी असतो? घाम पुसायला, असं म्हणणाऱ्यांनी गर्दीच्या एसटीने कधी प्रवास केलेला नाही. गाडी फलाटाला लागली की हा खिडकीतून आत टाकायचा आणि सीट धरायची. माझी पीएच.डी. या रुमालावर चालली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकांतून विरघळून येतं. पाणी दिसायला नितळ, चवीलाही काही वेगळं लागत नाही. पण वर्षानुवर्षं तेच प्यायलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका. आणि उकळून काही होत नाही. पाण्याची वाफ होते, फ्लोराइड पातेल्यातच राहतं.

जुना उपाय म्हणजे पाणी अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांमधून सोडायचं. हा दाणा आपली एसटी. त्यावर असंख्य सीटा, आणि सीटेसीटेवर एक रुमाल: हायड्रॉक्साइड. फ्लोराइड येतं, रुमाल उचलून बाहेर फेकतं आणि स्वतः बसतं. दोघांचा आकार जवळपास सारखा, विद्युतभारही सारखाच, म्हणून ते तिथे चपखल मावतं. (खऱ्या एसटीत दुसऱ्याचा रुमाल उचलून बघा!)

प्रयोगशाळेत मी स्वतः फ्लोराइड घालून पाणी तयार केलं, तेव्हा सगळं झकास चाललं. मग हौसेने गावातल्या बोअरचं पाणी आणलं, तर गाडी बघता बघता फुल्ल, आणि फ्लोराइड खालीच उभं! सीटा बळकावल्या होत्या बायकार्बोनेटने. ते या पाण्यात फ्लोराइडच्या कित्येक पट असतं. त्यात पाणी अल्कधर्मी, म्हणजे बाहेर रुमालांचाही ढीग. फेकलेला रुमाल पुन्हा आत येतो.

बाहेरची गर्दी माझ्या हातात नाही, पण सीट आहे. म्हणून मी दाण्यावर झिर्कोनियमचा पातळ थर देते. झिर्कोनियमला फ्लोराइडची ओढ फार. बायकार्बोनेट तिथे बसलं तरी फ्लोराइड त्याला उठवू शकतं. एक प्रकारे राखीव सीट, फक्त पाटी लावलेली नाही.

शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी करावी लागते. त्यासाठी कॉस्टिक सोड्याचं पाणी, म्हणजे रुमालांचा लोंढाच, आत सोडते. फ्लोराइड उतरतं आणि सीटा पुन्हा धरल्या जातात. उतरलेलं फ्लोराइड नाल्यात जाऊ देत नाही, चुन्याने साका करून वेगळं काढते.

आतापर्यंत माझ्या गाडीच्या सहा फेऱ्या झाल्या. दर धुण्यात सोड्यामुळे थोडं अ‍ॅल्युमिना विरघळतं, म्हणजे काही सीटा मोडतात. झिर्कोनियमच्या सीटा त्यात किती जातात, ते सध्या मोजते आहे.

धन्यवाद.

(रुमाल समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टाकून खाली उतरायचं.)