पाऊलनाम : चांगदेव शिवार ते संगम

(पहाटे बांधावर जमल्यावर हे आधी वाचायचं. वाचणाऱ्याने मागच्या रांगेतल्या मावशींना ऐकू जाईल इतक्या आवाजात.)

राम कृष्ण हरी, माऊली. चपला घट्ट करा, पाण्याच्या बाटल्या पिशवीत टाका, मोबाइल गप्प करा. टाळ आज एकच, तोही माझ्याकडे. आपण दिंडीसारखं नाचत जाणार नाही. एका पावलाला एक अक्षर, एवढंच.

अक्षर कसं मोजायचं, ते नीट ऐका. मागल्या एकादशीला सगळा घोळ इथेच झाला. आपण बोलताना 'राम' एका झटक्यात म्हणतो, शेवटचा 'म' अर्धा गिळतो. चालताना गिळायचं नाही. 'रा' एक पाऊल, 'म' दुसरं. अभंगातही असंच मोजतात, तिथे 'म' पूर्ण धरतात. जोडाक्षर मात्र एकच. 'कृष्ण'ची दोनच पावलं, कृ आणि ष्ण. डोक्यावरच्या अनुस्वाराला वेगळं पाऊल नाही. 'पांडुरंग' म्हणजे चार.

पाऊल लहान ठेवा. टाच टेकली की अक्षर उच्चारायचं, बोटं टेकेपर्यंत ते तोंडात राहू द्यायचं. घाई करणाऱ्याला मी टाळ वाजवून थांबवीन.

पहिला फेरा : विठ्ठल

डाव्या पायाने सुरू.

डावा — वि
उजवा — ठ्ठ
डावा — ल

उजवा — वि
डावा — ठ्ठ
उजवा — ल

दुसऱ्या वेळी 'वि' उजव्यावर आला, हे लक्षात आलं का? नाव तीन अक्षरांचं, पाय दोन. म्हणून प्रत्येक नावाला सुरुवातीचा पाय बदलतो आणि सहा पावलांनी पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो. मला हाच फेरा सगळ्यात आवडतो. मन भाजीच्या भावाकडे गेलं की पाय लगेच चुकतो, कारण डावा पाय सवयीने 'वि' मागतो. चुकलात तर थांबू नका, हसू नका, पुढच्या 'वि'ला धरा.

'ठ्ठ' जरा दाबून म्हणा, तिथे टाच रुतली पाहिजे. 'ल' मात्र मोकळा सोडा.

वि — ठ्ठ — ल
वि — ठ्ठ — ल
वि — ठ्ठ — ल
वि — ठ्ठ — ल

एका नावाला माळेचा एक मणी. एकशे आठ मणी झाले की 324 पावलं होतात. सम आकडा आहे, त्यामुळे पुढचा फेरा पुन्हा डाव्याच पायाने निघतो. मोजायला बसू नका, माळ मोजेल.

दुसरा फेरा : पावलाचा अभंग

इथे केळीची बाग सुरू होते. वाट अरुंद आहे, एकामागे एक या. हा अभंग मी आपल्याच वाटेसाठी बांधलाय, मोठ्या अभंगाच्या मापात : सहा, सहा, सहा, चार. कडव्याला 22 पावलं, प्रत्येक कडवं डाव्या पायावर सुरू. पहिल्यांदा मी म्हणेन, मग सगळे. चरण संपला तरी पाय थांबवायचा नाही, श्वास मधल्या जागी चोरून घ्यायचा.

उठ रे पावला, दिसू लागे वाट,
केळीत पहाट, थेंब थेंब.

डावा म्हणे विठू, उजवा मुक्ताई,
काळी माती आई, पाय धरी.

चिखल चिकटे, नाम नाही सुटे,
चप्पलही तुटे, चालू दे गा.

(शेवटच्या चरणाला आमच्या रांगेतल्या अण्णांनी एकदा खरंच तुटकी चप्पल हातात घेऊन 'हाव भो' म्हटलं आणि सगळे हसत सुटले. 22 पावलांचं कडवं तेव्हा कुठेच्या कुठे गेलं. आज अण्णा सगळ्यात पुढे चालतील.)

इथून संगमाची मोकळी हवा लागते. आवाज उतरवा, ओठ हलतील एवढाच ठेवा.

कोरं पत्र आलं, मुक्ताई हसली,
अक्षरं बसली, पायांपाशी.

ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र धाडायचं ठरवलं. वर आशीर्वाद लिहावा की नमस्कार, ते सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला. मुक्ताई म्हणाली, हा चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला. उत्तर म्हणून ज्ञानदेवांच्या पासष्ट ओव्या गेल्या. पुढे हाच चांगदेव मुक्ताईचा शिष्य झाला. त्याच्या नावाचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे आणि आपण तिकडेच चाललोय. म्हणून हे कडवं दोनदा म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणताना प्रत्येक अक्षर कोऱ्या मातीवर आपणच लिहितोय, असं पायाला सांगा. मागे वळून ठसे बघू नका, मागचा माणूस त्यावरून येतोय.

तापी पूर्णा दोघी, भेटती संगमी,
कोण तू, कोण मी, वाहू देत.

तिसरा फेरा : सहा पावलांचं नाव

आता रस्ता रुंद झाला, दोघादोघांनी चाला. विठ्ठलाने पाय हलवले, हे नाव ते स्थिर करील.

डावा — रा
उजवा — म
डावा — कृ
उजवा — ष्ण
डावा — ह
उजवा — री

रा — म — कृ — ष्ण — ह — री
रा — म — कृ — ष्ण — ह — री
रा — म — कृ — ष्ण — ह — री

सहा हा सम आकडा, म्हणून 'रा' दर वेळी डाव्यावरच. 'राम कृ' या तीन पावलांत श्वास आत, 'ष्ण हरी' या तिनात बाहेर. आत घेताना शब्द ओठांत नको, मनात. बाहेर सोडताना हलकेच ऐकू यावा. दम लागला तर पाऊल आणखी लहान करा, अक्षर गाळू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी फक्त 'हरी'ला पाऊल टाकायचं, म्हणजे दोनच पावलं, आणि पुढच्या चार अक्षरांना उभं राहायचं. तुमच्यामुळे रांग अडली तर अडू दे.

एकदा मी 'ज्ञानोबा तुकाराम' लावून पाहिलं. सात अक्षरं, तीही लांब लांब. ओढ्याच्या फरशीवर निम्मी रांग 'नोबा'वर आणि निम्मी 'काराम'वर, एकमेकांच्या टाचांवर पाय. गायला ते गोड आहे, पण आपल्याला झेपलं नाही. सध्या बाजूला ठेवलंय.

थांबणं

देवळाचा कळस दिसला की मी टाळ दोनदा वाजवीन. मग हे शेवटचं कडवं. प्रत्येक अक्षराला पाऊल आधीपेक्षा सावकाश :

थांब रे पावला, अक्षर संपलं,
आत जे जपलं, चालू आहे.

'हे'ला उजवा पाय डाव्याशेजारी येईल. तिथेच उभे राहा. टाचा जमिनीवर, हात मोकळे. आता पाय हलवायचे नाहीत, नुसती अक्षरं मनात टाकायची :

मु — क्ता — ई
मु — क्ता — ई
मु — क्ता — ई

माळ पुन्हा पहिल्या मण्यावर येईपर्यंत. कुणी आधी उरकलं तर शेजाऱ्याला हलवू नका. पाण्यावर बगळे उतरतील, ते मोजत बसा. मग पाण्याशी जाऊन पाय धुवायचे, पोहे मावशींकडे आहेत, येताना मात्र गप्पा मारत यायचं.