लिंबाची बॅटरी

मीराने लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची पट्टी खोचली, तेव्हा मल्टिमीटरने सुमारे 0.9 व्होल्ट दाखवले. पण लाल एलईडी पेटला नाही, कारण त्याला साधारण 1.8 व्होल्ट लागतात. मोठे लिंबू घेऊनही आकडा तेवढाच राहिला.

“व्होल्टेज लिंबाच्या आकारावर नाही, मुख्यतः धातूंच्या जोडीवर ठरते,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. “जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडते, ते तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे रसातले हायड्रोजन आयन ते घेतात. ऊर्जा जस्ताची आहे, लिंबाची नाही.”

हे मीराला फारच विलक्षण वाटले. तिने चार लिंबे एकसरीत जोडली. एलईडी पेटला, पण अगदी मंद.

“बाई, आता व्होल्टेज तर पुरेसे आहे ना?”

“आहे, पण रसातून आयन फार सावकाश सरकतात. हा अंतर्गत रोध इतका मोठा असतो, की प्रवाह जेमतेम एखाद्या मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, आणि प्रवाह वाहू लागताच व्होल्टेजही घसरते.”

मीराने लिंबे दाबून आतल्या रसाच्या पेशी फोडल्या, खिळ्यांऐवजी जस्ताच्या रुंद पट्ट्या तांब्याच्या पट्ट्यांजवळ, पण त्यांना न चिकटवता खोचल्या, आणि एलईडीचा प्रकाश स्पष्टपणे वाढला.