विषय : टायर रिट्रेडिंगचे दरपत्रक आणि केसिंग स्वीकारण्याचे निकष मिळण्याबाबत

सातारा, १२ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, टायर विक्री व रिट्रेडिंग विभाग, कोल्हापूर

महोदय,

आमच्याकडे कंपन्यांचे कामगार ने-आण करणाऱ्या ४६ बस आहेत. उन्हाळ्याआधी २९५/८० आर २२.५ मापाचे ४० आणि १०.०० आर २० मापाचे २४ रेडियल टायर कोल्ड प्रोसेसने रिट्रेड करून घ्यायचे आहेत. सगळे मागच्या चाकांसाठीच. पुढच्या चाकांना आम्ही रिट्रेड टायर लावत नाही.

दर प्रति टायर द्यावा. पट्ट्याची जाडी मिलिमीटरमध्ये, पॅच, नेण्या-आणण्याचा खर्च आणि जीएसटी वेगवेगळे दाखवावेत. आमचेच केसिंग आम्हाला परत हवे, बदली नको. त्यासाठी प्रत्येक टायरचा सिरीयल नंबर पावतीवर यावा.

दरापेक्षाही मला निकषांची काळजी आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी १८ केसिंग पाठवली, त्यातली ७ खडूची फुली मारून परत आली. कारण लिहिलेले नव्हते. एकाचा आतला भाग मी स्वतः बॅटरी लावून तपासला. मधोमध खिळ्याचे एक भोक, बाकी टायर धडधाकट. उलट त्याच खेपेत पास झालेल्या एका टायरचा पट्टा मे महिन्यात खंबाटकी चढताना सुटला. मागचे आतले चाक होते. मडगार्ड फाटले. गाडीत ३८ माणसे होती. चालकाने गाडी सावकाश कडेला घेतली म्हणून निभावले.

म्हणून आपले निकष लेखी हवेत. केसिंग किती वर्षांपर्यंतचे चालते आणि किती वेळा रिट्रेड झालेले घेता? खिळ्याचे भोक किती मिमीपर्यंत दुरुस्त करता, आणि तेच शोल्डरवर किंवा साइडवॉलला असेल तर? बीड फाटणे, तारेला गंज, पट्ट्याखालचे थर सुटणे यांवर आपला निर्णय काय असतो? कमी हवेवर धावलेल्या टायरबद्दल विशेष स्पष्ट लिहावे. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा गेलेली चालकाला कळत नाही, आणि साइडवॉलच्या थकलेल्या तारा बाहेरून दिसत नाहीत. हे शोधायला आपण काय तपासणी करता? हवा भरून चाचणी होते का?

नापास केसिंगचे कारण टायरनिहाय लिहून, शक्यतो बफिंगच्या आधी कळवावे. बफिंगनंतर दोष निघाला तर शुल्क किती, तेही सांगावे. पट्टा सुटल्यास भरपाई उरलेल्या जाडीच्या प्रमाणात मिळेल का?

आमच्या बाजूने, ३ मिमी नक्षी उरली की टायर उतरवतो, तारेपर्यंत झिजू देत नाही. हवेची नोंदवही आपल्या माणसाला दाखवू. त्याने ६४ही टायर डेपोत येऊन पाहावेत. मंगळवार-बुधवारी मी स्वतः हजर असतो.

उत्तर ३१ जानेवारीपर्यंत मिळावे.

आपला,
वाहन व्यवस्थापक
कर्मचारी बस वाहतूक, सातारा