टेक्नेशियमचा डोस वेळ बघून का बनवायचा: हॉट लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी टिपण

टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास. आज सकाळी ८ला मोजलेल्या १०० मिलिक्युरीतले दुपारी २ला ५० उरतात, उद्या सकाळी ८ला जेमतेम ६. म्हणून साठा करता येत नाही. साठवलं जातं ते जनरेटरमधल्या ॲल्युमिनाच्या कॉलमवरचं मॉलिब्डेनम-९९, ज्याचं अर्धायुष्य ६६ तास आहे. त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं आणि सलाईन सोडलं की परटेक्नेटेट होऊन बाहेर येतं. मॉलिब्डेनम जवळपास सगळं कॉलमवरच राहतं. असं सलाईनने काढणं म्हणजे एल्यूट करणं. रोज एकदा एल्यूट केलं की साधारण २३ तासांत टेक्नेशियम पुन्हा कमाल पातळीला येतं.

आता बोन स्कॅनचा हिशोब. सकाळी ८ला हाडांत जाऊन बसणाऱ्या एमडीपी या औषधाच्या किटमध्ये १५० मिलिक्युरी घातले, एकूण ५ मिली झाले, म्हणजे मिलीमागे ३०. रुग्णाला हवेत २०.

८ वाजता: ०.६७ मिली
११ वाजता: ०.९४ मिली (मिलीमागे २१.२ उरले)
२ वाजता: १.३३ मिली (मिलीमागे १५ उरले)

दर तासाला ०.८९ने गुणायचं, एवढं पाठ असू द्या. कल्याणहून येणारा रुग्ण लोकल रखडल्यामुळे ११ऐवजी २ला पोचला, तर ११साठी भरून ठेवलेल्या सिरिंजमध्ये १४ मिलिक्युरीच असतात. तीच टोचली तर तितकेच काउंट मिळवायला सुमारे १.४ पट वेळ लागतो, आणि दुखऱ्या पाठीचा रुग्ण तेवढा वेळ निश्चल पडून राहत नाही. नव्याने भरा, कॅलिब्रेटरमध्ये मोजा, लेबलवर मोजल्याची वेळ लिहा. वेळेशिवाय लिहिलेला आकडा निरर्थक आहे.

मग उशिरा फक्त जास्त मिली का टोचू नयेत? काही प्रमाणात चालतं, पण किटच्या मुदतीपलीकडे नाही. व्हायलमधलं स्टॅनस टिन टेक्नेशियमला एमडीपीशी जोडलेलं ठेवतं. हवा शिरली की ते खपतं आणि मोकळं परटेक्नेटेट थायरॉइड, लाळग्रंथी, जठरात दिसू लागतं. व्हायलमध्ये हवा ढकलू नका. हीच चूक सर्वाधिक टाळता येण्याजोगी आहे.

दुसरा धोका मॉलिब्डेनमचा. टेक्नेशियम झपाट्याने घटतं, सोबत निसटलेलं मॉलिब्डेनम सावकाश. त्यामुळे दोघांचं गुणोत्तर वाढत जातं. मर्यादा टोचण्याच्या क्षणी टेक्नेशियमच्या १ मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरी. ८ वाजता ०.०९ आलं तर चाचणी पास, पण २ वाजता तेच ०.१७ होतं. शेवटच्या रुग्णाच्या वेळेचा आकडा काढूनच व्हायल वापरा.

सोमवारचं पहिलं एल्युएट वेगळं वागतं. शनिवार-रविवार न काढल्याने त्यात क्षय होऊन बनलेलं टेक्नेशियम-९९ साचतं. रसायन तेच, म्हणून तेही टिन खातं. मेंदूच्या स्कॅनसाठीच्या एचएमपीएओ किटला हे चालत नाही. सकाळी एकदा एल्यूट करा आणि ४ तासांनी पुन्हा काढलेलं ताजं एल्युएट, साधारण एक तृतीयांशच असलं तरी, त्यासाठी वापरा. मेंदूचा स्कॅन सोमवारी असेल तर रुग्णाला दुपारची वेळ द्या.