औषधाच्या डोसची गणितं: वॉर्ड पोस्टिंगआधीचा सराव संच, सोडवलेल्या उत्तरांसह

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

प्रत्येक गणित सोडवण्याआधी वहीत अंदाज लिहा: एक गोळी की अर्धी, सिरिंज भरून की तळाशी थोडंसं, ताशी पाच मिली की पन्नास? अंदाज नसेल तर दहापट चुकलेलं उत्तरही बरोबरच वाटतं. मांडणी करताना प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा आणि मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहा, कारण घाईतल्या अक्षरात तो मिलिग्रॅमसारखा दिसतो. शेवटी पाहा की हा डोस या पेशंटला चालेल का. या संचात काही ठिकाणी गणित सुटतं, पण औषध द्यायचं नसतं. ती ठिकाणं तुम्हीच ओळखायची आहेत.

मर्यादा प्रश्नातच दिल्या आहेत. वॉर्डात मात्र तिथला प्रोटोकॉल आणि हातातल्या व्हायलचं लेबल यांचंच ऐकायचं. एकाच औषधाच्या व्हायल वेगवेगळ्या ताकदीच्या येतात.

सूत्र एकच आहे:
द्यायचे मिली = (सांगितलेला डोस ÷ हाताशी असलेला डोस) × तो डोस जितक्या मिलीत आहे ते मिली. भागाकाराआधी दोन्ही डोस एकाच एककात आणा.

भाग १: एककं

प्रश्न १. झटपट सोडवा. (अ) ०.०४ ग्रॅम म्हणजे किती मिग्रॅ? (आ) ७५० मायक्रोग्रॅम म्हणजे किती मिग्रॅ? (इ) ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत किती ग्रॅम डेक्स्ट्रोज? (ई) १:१००० आणि १:१०,००० ॲड्रेनालिनच्या १ मिलीत किती मिग्रॅ?

उत्तर: (अ) ४० मिग्रॅ. (आ) ०.७५ मिग्रॅ. (इ) टक्के म्हणजे १०० मिलीत तितके ग्रॅम, म्हणून ५ × ५ = २५ ग्रॅम. (ई) १:१००० म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे १००० मिलीत १००० मिग्रॅ, म्हणून १ मिलीत १ मिग्रॅ. १:१०,००० मध्ये त्याचा दहावा भाग, ०.१ मिग्रॅ.

(आ)चं उत्तर ".७५" असं लिहिलं असेल तर गुण नाहीत. पुढचं शून्य नसेल तर टिंब निसटतं आणि ७५ वाचलं जातं. तसंच ५ मिग्रॅ लिहायचं, ५.० नाही.

प्रश्न २. डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम तोंडाने द्यायचं आहे. गोळी ०.२५ मिग्रॅची आहे. किती गोळ्या?

उत्तर: ०.२५ मिग्रॅ = २५० मायक्रोग्रॅम. १२५ ÷ २५० = अर्धी गोळी. मधोमध खाच असेल तरच गोळी तोडा, नाहीतर फार्मसीला कमी ताकदीची गोळी मागा. आणि देण्याआधी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजा. प्रौढ पेशंटमध्ये ते ६० पेक्षा कमी आले तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवा.

प्रश्न ३. १८ किलोच्या मुलाला तीव्र ॲलर्जी झाली आहे. ॲड्रेनालिन ०.०१ मिग्रॅ प्रति किलो, स्नायूत. एम्पूल १ मिग्रॅ प्रति मिली. मुलांसाठी एका वेळची कमाल मात्रा ०.३ मिग्रॅ.

उत्तर: ०.०१ × १८ = ०.१८ मिग्रॅ. १ मिलीत १ मिग्रॅ आहे, म्हणून ०.१८ मिली. मर्यादेच्या आत आहे. १ मिलीची सिरिंज घ्या, कारण ५ मिलीच्या सिरिंजवर ०.१८ दिसतच नाही. जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात. उत्तर १.८ मिली आलं असेल तर एका मुलासाठी दुसरी एम्पूल फोडायला लागली असती, आणि तिथेच हात थांबायला हवा होता.

प्रश्न ४. इन्सुलिन २० युनिट त्वचेखाली. व्हायल ४० युनिट प्रति मिलीची आहे, पण ट्रेमध्ये १०० युनिट प्रति मिलीसाठी आखलेली सिरिंज आहे. २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला किती मिळेल? उलट झालं तर?

उत्तर: १०० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली. त्यात ०.२ × ४० = ८ युनिट. म्हणजे निम्म्याहूनही कमी.
उलट प्रकारात ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.५ मिली, आणि १०० च्या व्हायलमधून त्यात येतात ५० युनिट. हे जीवघेणं ठरू शकतं.

"५० च्या रेघेपर्यंत भरू, म्हणजे ०.५ मिलीत बरोबर २० युनिट" असं काही जण लिहितील. हिशोब बरोबर आहे, पण तसं करायचं नाही. रात्रीच्या ड्युटीला पुढची सिस्टर तीच सिरिंज पाहून ५० युनिट समजेल. व्हायलशी जुळणारी सिरिंज मागवा. युनिट हा शब्दही पूर्ण लिहा, त्याचं इंग्रजी आद्याक्षर शून्यासारखं दिसतं.

भाग २: सलाईन आणि पंप

प्रश्न ५. नॉर्मल सलाईन ५०० मिली ४ तासांत. सेट २० थेंब प्रति मिली. (अ) ताशी किती मिली? (आ) मिनिटाला किती थेंब? (इ) सकाळी ९ ला सुरू केलं, ११ ला बाटलीत ३०० मिली शिल्लक आहे. आता काय?

उत्तर: (अ) ५०० ÷ ४ = १२५ मिली.
(आ) थेंब = (मिली × सेटचे थेंब) ÷ मिनिटं = (५०० × २०) ÷ २४० = ४१.६७, म्हणजे ४२. पंधरा सेकंदांत १० ते ११ थेंब पडले की वेग बरोबर. मायक्रोड्रिप सेटमध्ये १ मिलीचे ६० थेंब असतात आणि तासाची मिनिटंही ६०, म्हणून तिथे ताशी मिली आणि मिनिटाचे थेंब यांचा आकडा एकच येतो.
(इ) ११ पर्यंत २५० मिली जायला हवं होतं, २०० च गेलं. १ वाजता संपवायचं तर ३०० ÷ २ = ताशी १५० मिली, म्हणजे मिनिटाला ५० थेंब. पण क्लॅम्पला हात लावण्याआधी कारण शोधा: नळी दुमडली आहे का, हात वाकलाय का, कॅन्युलाच्या जागी सूज आहे का? मग डॉक्टरांना विचारा. मागे पडलेलं सलाईन परस्पर पळवायचं नाही, विशेषतः लहान मूल, हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल, किंवा बाटलीत पोटॅशियम असेल तेव्हा.

प्रश्न ६. ६० किलोच्या पेशंटला डोपामाइन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, सेंट्रल लाईनमधून. एम्पूल ५ मिलीत २०० मिग्रॅ. एकूण ५० मिलीचं मिश्रण सिरिंज पंपात. पंप ताशी किती मिलीवर?

उत्तर: मिश्रण: ५ मिली औषध + ४५ मिली सलाईन. २०० मिग्रॅ ÷ ५० मिली = ४ मिग्रॅ प्रति मिली = ४००० मायक्रोग्रॅम प्रति मिली.
मिनिटाला: ५ × ६० किलो = ३०० मायक्रोग्रॅम.
तासाला: ३०० × ६० मिनिटं = १८,००० मायक्रोग्रॅम.
पंप: १८,००० ÷ ४००० = ताशी ४.५ मिली.

वजन मुद्दाम ६० ठेवलं आहे. मांडणीत दोन ६० येतात, एक किलोचा, एक मिनिटांचा, आणि एकक न लिहिणारे हमखास एक ६० गाळतात. मग उत्तर येतं ०.०७५ मिली, जे पंपावर लावताच येत नाही.

उलटा ताळा घ्या: पंप ताशी १ मिलीवर असेल तर मिनिटाला ४००० ÷ ६० = ६६.७ मायक्रोग्रॅम जातं, म्हणजे किलोमागे सुमारे १.११. आपल्याला ५ हवंय, ५ ÷ १.११ = ४.५. हा ताळा वॉर्डात फार कामाचा आहे. ड्युटी बदलताना पंपावर ४.५ दिसलं की पेशंटला नक्की किती डोस चाललाय हे तुम्हाला स्वतःला सांगता आलं पाहिजे.

प्रश्न ७. ७० किलो, हेपारिन ताशी १८ युनिट प्रति किलो. पंपात ५० मिलीत २५,००० युनिट.

उत्तर: १८ × ७० = ताशी १२६० युनिट. मिश्रण ५०० युनिट प्रति मिली. १२६० ÷ ५०० = २.५२, पंप २.५ वर. दोघींनी वेगवेगळं मोजून मगच सुरू करायचं.

भाग ३: सुरक्षित मर्यादा

प्रश्न ८. १२ किलोचं मूल. ऑर्डर: पॅरासिटामॉल २५० मिग्रॅ तोंडाने, दर ४ तासांनी. सिरप ५ मिलीत २५० मिग्रॅ. मर्यादा: एका वेळी १५ मिग्रॅ प्रति किलो, दिवसभरात ६० मिग्रॅ प्रति किलो.

उत्तर: सूत्रात टाकलं तर ५ मिली येतं, अगदी सुबक. पण एका वेळची मर्यादा १५ × १२ = १८० मिग्रॅ. ऑर्डर किलोमागे २०.८ मिग्रॅ पडते. दिवसाचे सहा डोस म्हणजे १५०० मिग्रॅ, मर्यादा ७२०. दुपटीहून जास्त.
देणार नाही. डॉक्टरांना आकड्यांसकट सांगायचं: "बाळाचं वजन १२ किलो आहे, १५ च्या हिशोबाने १८० मिग्रॅ होतात, ऑर्डर २५० ची आहे." ऑर्डर १८० ची झाली तर ३.६ मिली, २४ तासांत चारच वेळा. घरी आईने आधी ताप उतरवायचं औषध पाजलंय का आणि किती वाजता, हे विचारल्याशिवाय पहिलाही डोस नाही.

प्रश्न ९. पोटॅशियम क्लोराइड ४० मिलिइक्विव्हॅलंट, ५०० मिली सलाईनमध्ये, हाताच्या शिरेतून २ तासांत. एम्पूल १० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट. मर्यादा: ताशी १०, आणि एका लिटरमध्ये ४०.

उत्तर: लागणारं औषध २० मिली, म्हणजे दोन एम्पूल. वेग ताशी २०. तीव्रता ५०० मिलीत ४०, म्हणजे लिटरमध्ये ८०. दोन्ही मर्यादेच्या दुप्पट. देणार नाही, डॉक्टरांना कळवणार. मर्यादेत बसवायचं तर १ लिटरमध्ये ४०, किमान ४ तास, ताशी २५० मिली. इतकं पाणी या पेशंटला झेपेल का, हे डॉक्टर ठरवतील.

पोटॅशियमची एम्पूल सरळ शिरेत कधीही नाही, हृदय बंद पडतं. बाटलीत घालतानाही ती खाली उतरवून, औषध टाकून, नीट उलटीपालटी करून मग टांगायची. टांगलेल्या बाटलीत टोचलं तर औषध तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिलीतच निघून जातं.

प्रश्न १०. व्हँकोमायसिन १ ग्रॅम, २५० मिलीत. मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा जास्त नाही. पंपाचा कमाल वेग?

उत्तर: १००० ÷ १० = किमान १०० मिनिटं. २५० ÷ १०० × ६० = ताशी १५० मिली.

प्रश्न ११. एक्लॅम्प्सियाची पेशंट. मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, २० टक्के द्रावण करून, शिरेतून २० मिनिटांत. एम्पूल ५० टक्के, २ मिली. (अ) मिश्रण कसं? (आ) पंपाचा वेग? (इ) नंतर ताशी १ ग्रॅम चालू आहे, पंपात ५० मिलीत १० ग्रॅम. वेग किती? (ई) मागच्या चार तासांत लघवी ९६ मिली झाली आहे. काय कराल?

उत्तर: (अ) ५० टक्के म्हणजे १ मिलीत ०.५ ग्रॅम, एका एम्पूलमध्ये १ ग्रॅम. चार एम्पूल = ८ मिली. ४ ग्रॅमचं २० टक्के द्रावण म्हणजे एकूण २० मिली, म्हणून १२ मिली सलाईन घाला.
(आ) २० मिली २० मिनिटांत = मिनिटाला १ मिली = ताशी ६० मिली.
(इ) १० ÷ ५० = ०.२ ग्रॅम प्रति मिली. १ ÷ ०.२ = ताशी ५ मिली. लोडिंगनंतर पंप ६० वरून ५ वर आणायचा राहिला तर बारापट डोस जात राहतो. म्हणून हा बदल दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच करा.
(ई) ९६ ÷ ४ = ताशी २४ मिली. ३० पेक्षा कमी. मॅग्नेशियम किडनीतूनच बाहेर पडतं, लघवी कमी झाली की ते रक्तात साठतं. पंप थांबवा, गुडघ्याचा झटका आणि मिनिटाचे श्वास तपासा, डॉक्टरांना लगेच बोलवा. श्वास १६ च्या खाली किंवा झटका नाहीसा झाला असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली उतारा म्हणून लागू शकतो. त्याची एम्पूल मॅग्नेशियम सुरू करण्याआधीच ट्रेमध्ये असली पाहिजे.