रातांबा
आमचं खास पेय: काजू फेणी, कोकमाचं आगळ, माडाचा गूळ, हिरवी मिरची, सोडा

काजूगर जगभर पोचतो, पण त्याच्या डोक्यावरचं बोंडू कुठेच पोचत नाही. झाडावरून पडलं की दिवसभरात ते नासायला लागतं. रातांबा, म्हणजे कोकमाचं पिकलेलं फळ, तोही तसाच नाजूक. बाहेरगावी जातात ती त्याची वाळवलेली सालं, म्हणजे तुमच्या घरच्या डब्यातली आमसुलं. ही दोन्ही फळं गोव्याच्या डोंगरउतारांवर पिकतात, आणि एप्रिल-मे महिन्यात तर एकाच वेळी. म्हणून दोघांना आम्ही एका ग्लासात आणलं. पणजीत आला आहात, तर हे इथेच प्यायला हवं.

फेणी आम्ही सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवरून आणतो. आपोआप गळून पडलेली बोंडंच तिथे वेचली जातात, कारण पूर्ण पिकलेल्या फळालाच खरा गोडवा असतो. ती तुडवून काढलेला रस नुसता आंबू देतात. साखर नाही, यीस्ट नाही, पाणीही नाही. हा रस एकदा गाळला की हुर्राक, आणि पुन्हा भट्टीवर चढला की फेणी. ती पाण्यासारखी नितळ दिसते, पण बाटलीचं बूच काढताच बोंडवांचा घमघमाट टेबलभर पसरतो. काहींना हा वास पहिल्यांदा उग्र वाटतो. आम्ही तो दडपत नाही, कारण तोच तर फेणीचा जीव आहे. आम्ही त्याच्यासमोर तितक्याच तालेवार चवीचं आगळ ठेवतो.

आगळ आमच्या स्वयंपाकघरातच होतं. पावसाच्या आधी रातांबे फोडून सालं मिठात घालतो आणि बरणीत सुटणारा रस रोज हलवत राहतो. काही दिवसांत तो गडद, जांभळटाकडे झुकणारा लाल होतो. त्यात माडाचा काळा गूळ विरघळवतो, अगदी बेताचा. सरबताचा गोडपणा इथे नको. आंबट आणि खारट या दोन्ही चवी जिभेवर नीट उमटायला हव्यात, गुळाने फक्त त्यांची धार बोथट करायची.

ग्लास तुमच्यासमोर येईल तेव्हा तळाशी आगळाचा लाल थर बसलेला दिसेल. वर तो हळूहळू गुलाबी होत जातो आणि काठाशी सोडा जवळजवळ पांढरा असतो. मधोमध उभी चिरलेली हिरवी मिरची, देठासकट. कृपा करून ढवळू नका. पहिल्या घोटात थंडगार सोडा आणि फेणीचा दरवळ येतो. ग्लास निम्मा झाला की कोकम वर यायला लागतं आणि तोंडाला पाणी सुटतं. मिरचीचा चटका सगळ्यात शेवटी, घशाशी लागतो. तो नको असेल तर मिरची लवकर काढून ठेवा. हवा असेल तर तळापर्यंत राहू द्या.

सोबत रव्यात तळलेला बांगडा मागवा. तेलकट, खमंग माशावर हा आंबटपणा फार खुलतो. शाकाहारी असाल तर नीरफणसाची कापं घ्या. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, गरम असतानाच खायची. आमच्या मते रातांब्याशी त्यांचंच सगळ्यात छान जमतं, मासे खाणाऱ्यांनीही एकदा खाऊन पाहावीत. गोड पदार्थांबरोबर मात्र हे पेय घेऊ नका, दोघांचीही चव जाते.

मार्च ते मे या काळात आला असाल तर फेणीऐवजी हुर्राक घालून मागा. हुर्राक हलकी असते, वासाला जास्त फळासारखी, आणि टिकत नाही. म्हणून हंगाम संपला की ती थेट पुढच्या वर्षी.

एका ग्लासात ४५ मिली फेणी असते. पेय गारेगार आणि आंबटसर असल्याने चटकन संपतं, पण फेणी कडक आहे. तेव्हा सावकाश प्या, मधे पाणी घ्या. गाडी चालवायची असेल तर आमचा बिनफेणीचा रातांबा मागा. त्यात आगळ थोडं जास्त आणि आल्याचा रस असतो. आगळात मीठ असतं, त्यामुळे ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी वाढणाऱ्याला आधी सांगावं. आम्ही त्यांच्यासाठी बिनमिठाची आमसुलं भिजवून पेय करतो, त्याला दहा मिनिटं लागतात.

रातांबा ₹३८०
हुर्राक रातांबा (मार्च ते मे) ₹३८०
बिनफेणीचा रातांबा ₹१८०

मद्य २१ वर्षांवरील पाहुण्यांनाच दिलं जातं.