सायकल पंक्चर, भाग १: शेवटच्या ३८ सेकंदांची स्क्रिप्ट आणि एंड स्क्रीन

व्हिडिओची एकूण लांबी ८:४०. आउट्रो ८:०२ ला सुरू, एंड स्क्रीन ८:२२ ते ८:४०, म्हणजे १८ सेकंद (यूट्यूब ५ ते २० सेकंद देतं). पुढचा व्हिडिओ: भाग २, रिम टेप. तो आधी प्रकाशित करायचा, मगच इथे जोडायचा.

७:५० पासून शेवटपर्यंत एकाच टेकमध्ये शूट. आउट्रो वेगळा घेतला की श्वास, आवाजाची पट्टी आणि उजेड बदलतो, आणि तो सांधा बघणाऱ्याला लगेच जाणवतो. कॅमेरा वरूनच. चाक आणि हात फ्रेमच्या उजव्या अर्ध्यात, डावीकडे फक्त मोकळी काळी मॅट.

८:०२ (ठिगळ लावलेली, हवा भरलेली ट्यूब पाण्यात फिरते आहे.)
"बघा, ठिगळाच्या कडेनं एकही बुडबुडा नाही. ट्यूब तयार आहे. पण थांबा, टायरमध्ये लगेच टाकू नका."

८:१० (ट्यूब पुसून चाकाशेजारी धरायची, व्हॉल्व्ह त्याच्या भोकासमोर. बोट ठिगळावर.)
"ठिगळ कुठल्या बाजूला आलंय ते बघा. बाहेरच्या, म्हणजे टायरच्या बाजूला असेल, तर काच किंवा तार अजून टायरमध्येच रुतलेली असू शकते. आतून कापड फिरवा, अडकेल तिथे ती आहे."

(उघडं बोट नको, कापडच दिसलं पाहिजे.)

८:२२, एंड स्क्रीन सुरू (ट्यूब बाजूला. हात रिमवर, टेपची कड नखानं उचलायला सुरुवात. बोलणं त्याच वेगात.)
"आणि ठिगळ आतल्या बाजूला, रिमकडे आलं असेल, तर टायरमध्ये काहीच सापडणार नाही. तिथे बहुतेक वेळा रिम टेप सरकलेली असते. स्पोकच्या भोकाची धार उघडी पडते आणि ट्यूब पुन्हा तिथेच जाते."

८:३१ (उजवा हात टेपवरच. डाव्या हाताचं बोट मॅटवर, व्हिडिओच्या चौकटीखाली.)
"टेप कशी तपासायची, कशी बदलायची, ते या डावीकडच्या व्हिडिओत आहे. चाक उघडं आहे तोवरच बघून घ्या."

८:३६ ते ८:४० (शब्द नाहीत. टेप सुटण्याचा चर्रर्र आवाज, खालून स्पोकचं भोक अर्धं दिसतं, तिथेच कट. फेड नाही, काळी फ्रेम नाही.)

भाग २ ची पहिली फ्रेम हेच अर्धं उघडं भोक, आणि पहिलं वाक्य: "ही बघा धार, ट्यूब इथेच कापली गेली." नमस्कार, नाव, लोगो त्यानंतर. भाग २ च्या थंबनेलवरही हीच उचललेली टेप हवी. कानावर "रिम टेप" पडताना डोळ्यांसमोर तीच दिसली, तर बोट आपोआप तिकडे जातं.

एंड स्क्रीनवर दोनच गोष्टी
व्हिडिओ: `Choose specific video` मधून भाग २. `Best for viewer` नको, आपण टेपबद्दल बोलत असताना समोर चेन साफ करायचा व्हिडिओ आला तर सगळी स्क्रिप्ट वाया. डावीकडे, मधल्या उंचीपेक्षा थोडा वर, ८:२२ पासून. खालच्या कडेपासून लांब, कारण मोबाइलवर तिथे प्रोग्रेस बार आणि सबटायटल येतात.
सबस्क्राइब: वर उजव्या कोपऱ्यात, ८:३१ पासून. त्याबद्दल इथे एक शब्दही नाही. ती विनंती ३:४० ला, सोल्यूशन सुकायची वाट बघताना झालेली आहे.
चौकट किंवा बाण व्हिडिओतच छापू नका. नंतर भाग २ ची जागा जराशी हलवली तरी ती चौकट रिकामी लटकत राहते.

आवाज
संगीत ७:५० ला हळूच सुरू, आवाजाच्या बरंच खाली. ८:३६ ला ३ डेसिबल वर, बस्स. ८:२२ ला नवी धून लावली तर बघणाऱ्याला संपल्याची घंटाच ऐकू येते. टेप सुटण्याचा आवाज संगीतापेक्षा वर राहिला पाहिजे. लॅपलवर तो मिळत नाही, रिमपासून वीतभर अंतरावर वेगळा माइक ठेवा.

पहिल्या मसुद्यातून काढलेलं
"तर मित्रांनो, आजच्यासाठी एवढंच." हे ऐकलं की अंगठा बंद करायला उचलला जातोच, पुढचं वाक्य कितीही चांगलं असो.
"शेजारीशेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती." माहिती खरी आहे, खड्ड्यात रिम आणि टायरमध्ये ट्यूब चिमटली की असंच होतं. पण इथे ती तिसरा प्रश्न उभा करते आणि टेपचा धागा तुटतो. ती पिन केलेल्या कमेंटमध्ये जाईल.

टेक वेळेत बसला नाही, तर ८:१० चं शेवटचं वाक्य गाळा. ८:२२ नंतरचा एकही शब्द कमी करू नका.